आग विझल्यावर ग्राहकाला काय कळवायचं: जपानच्या नाका कारखान्याचं प्रकरण

कारखान्यात आग लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राहकाचा पहिला फोन येतो. तो आधी "कुणाला लागलं नाही ना?" विचारतो, आणि हे तो मनापासूनच विचारतो. पुढचं वाक्य मात्र ठरलेलं असतं: "बरं, आमच्या शेड्यूलचं काय?" मी गेली बरीच वर्षं वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या बाजूला बसून असे फोन घेतले आहेत. या दुसऱ्या प्रश्नाला आपली माणसं बहुतेक वेळा आगीचीच गोष्ट सांगतात. किती वाजता लागली, किती बंब आले, किती मशीन जळाल्या. ग्राहकाला त्यातलं काही नको असतं. त्याच्या लाइनवर खाडा कोणत्या दिवशी पडणार आणि तो किती दिवसांचा, एवढंच त्याला हवं असतं.

या दोन गोष्टींतला फरक दाखवायला माझ्यासमोर एक प्रकरण कायम असतं. जपानमधल्या रेनेसास कंपनीच्या नाका कारखान्याचं. (नाका हे तिथलं स्थळनाम, आपल्याकडचा जकात नाका नव्हे. कारखाना इबाराकी प्रांतातल्या हिताचिनाका शहरात आहे.) गाड्यांमध्ये लागणाऱ्या मायक्रोकंट्रोलर चिपच्या जगातल्या मोठ्या पुरवठादारांपैकी ही एक कंपनी. १९ मार्च २०२१ रोजी पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी तिथल्या एन-३ इमारतीत, ३०० मिलिमीटर वेफरच्या लाइनवर, आग लागली. वेफर म्हणजे सिलिकॉनची चकती, तिच्यावरच चिप बनतात. सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी ती विझली. कुणी जखमी झालं नाही.

आग लागली ती प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा पातळ थर चढवण्याच्या, मशीनला. मर्यादेपेक्षा जास्त विद्युतप्रवाह गेला आणि मशीनचं आवरण व प्लेटिंगची टाकी उष्णतेला फारशी टिकणारी नसल्यामुळे पेट घेतला, असं कंपनीने सांगितलं. जास्त प्रवाह का गेला, हे अजून तपासतो आहोत, असंही त्याच दमात सांगितलं.

आकडे ऐकले तर प्रकार किरकोळ वाटेल. तळमजल्यावरच्या क्लीनरूमचं क्षेत्र १२,००० चौरस मीटर. त्यातलं जळलं सुमारे ६०० चौरस मीटर, म्हणजे ५ टक्के. जळालेल्या मशीन ११, म्हणजे त्या इमारतीतल्या एकूण मशीनच्या जेमतेम २ टक्के. आपल्याकडचा एखादा मालक अशा वेळी ग्राहकाला छाती ठोकून सांगेल, "साहेब, अठ्ठ्याण्णव टक्के कारखाना सहीसलामत आहे!" खरं म्हणजे त्या क्षणी त्या लाइनचं शंभर टक्के काम बंद होतं. धूर सगळ्या क्लीनरूममध्ये फिरला होता. चिप बनवण्याच्या खोलीत धुळीचा एक कणही चालत नाही, तिथे काजळी बसली होती. शुद्ध पाणी आणि वातानुकूलनाच्या यंत्रणेलाही झळ लागली होती. शिवाय प्रत्येक वेफर प्लेटिंगसारख्या टप्प्यातून जातो. साखळीतली एक कडी तुटली की बाकीच्या अठ्ठ्याण्णव कड्या शाबूत असून काही उपयोग नसतो.

रेनेसासने हे टक्के दिले, पण त्यांच्या आडोशाला ती उभी राहिली नाही. आग शुक्रवारी लागली आणि त्याच दिवशी पहिली सूचना निघाली. त्यात काय बंद आहे आणि काय चालू आहे, हे इमारतीगणिक लिहिलं होतं: एन-३ बंद, शेजारची २०० मिलिमीटरची एन-२ चालू, वेफर तपासण्याची इमारत चालू. निम्म्या प्रक्रियेतल्या मालाचं किती नुकसान झालं, यापुढे "तपास चालू आहे" असं लिहिलं होतं. ग्राहकाला पहिल्या दिवशी एवढं पुरतं. ज्याचा माल एन-२ मधून येतो, तो खरेदी अधिकारी त्या रात्री झोपू शकतो.

रविवारी, २१ मार्चला, कंपनीचे प्रमुख हिदेतोशी शिबाता पत्रकारांसमोर आले. महिन्याभरात उत्पादन पुन्हा सुरू करण्याचं लक्ष्य त्यांनी सांगितलं. त्या लाइनवरचं सुमारे दोनतृतीयांश उत्पादन वाहनांसाठी असतं, हे सांगितलं. महिनाभर उत्पादन बंद राहिलं तर विक्रीवर सुमारे १,७०० कोटी येनचा परिणाम होऊ शकतो, हेही सांगून टाकलं. काही माल दुसऱ्या कारखान्यांत किंवा बाहेरून करून घेता येईल, पण जगभर चिपचा तुटवडा असल्यामुळे ते लगेच जमेल असं नाही, हेही लपवलं नाही. कोविडच्या त्या काळात कुणाकडेच मोकळी मशीन नव्हती.

माझ्या मते सर्वांत मोलाची माहिती निराळीच होती. पुरवठ्यावरचा परिणाम साधारण महिन्याभरानंतर दिसू लागेल, कारण तेवढा माल साठ्यात आहे, असं कंपनीने सांगितलं. चालू ऑर्डरींचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. वेफर आत गेल्यापासून तयार चिप बाहेर पडेपर्यंत काही महिने जातात. आग लागली त्या दिवशी काही माल तयार होता, काही तपासणीत होता, काही अर्ध्या वाटेवर होता, काही सुरूच व्हायचा होता. ज्या मालाने जळालेला टप्पा आधीच ओलांडला तो येत राहणार. ग्राहकाला काही आठवडे काही झाल्यासारखं वाटणारच नाही. मग एके दिवशी खाडा पडेल. उलट उत्पादन सुरू झाल्याची बातमी आल्यावरही कितीतरी दिवस हाती काही येणार नाही, कारण नवीन वेफरला पूर्ण वाट चालून यायचं असतं. आगीचा दिवस आणि खाड्याचा दिवस वेगळे असतात, तसेच "सुरू झालं" आणि "माल मिळाला" हेही दोन वेगळे दिवस.

३० मार्चला कंपनी पुन्हा बोलली, आणि या वेळी आकडा वाईट होता. साफसफाई पुढे गेली तशी जळालेल्या आणि निकामी झालेल्या मशीनची संख्या ११ वरून २३ वर गेली होती. ग्राहकांकडे जाणारा माल आगीपूर्वीच्या पातळीवर यायला आगीच्या दिवसापासून १०० ते १२० दिवस लागतील, असं सांगितलं गेलं. म्हणजे जूनअखेर ते जुलैचा मध्य. दहा दिवसांपूर्वी "महिन्याभरात" ऐकलेल्या माणसाला हे फसवणुकीसारखं वाटू शकतं, पण ते तसं नव्हतं. पहिला आकडा उत्पादन सुरू होण्याचा होता, दुसरा माल पूर्ववत मिळण्याचा. दोन्ही वेगवेगळे सांगितले गेले. पहिला पाळलाही गेला: क्लीनरूम ९ एप्रिलला पुन्हा वापरात आली आणि १७ एप्रिलला उत्पादन सुरू झालं. पूर्ण क्षमतेचा दिवस थोडाथोडा पुढे सरकत गेला आणि २४ जूनच्या संध्याकाळी ती गाठली गेली, आगीनंतर ९७ व्या दिवशी.

याच्या उलट उदाहरण जुनं आहे आणि पुरवठा साखळीच्या वर्गांत घासून गुळगुळीत झालेलं आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेत अल्बुकर्क इथल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात आकाशातली वीज कोसळल्यामुळे छोटी आग लागली. दहा मिनिटांत ती विझली. नोकिया आणि एरिक्सन या मोठ्या ग्राहकांना साधारण आठवडाभराचा उशीर होईल असं कळवलं गेलं. इथेही ज्वाळेपेक्षा धुराने आणि पाण्याने जास्त नुकसान केलं होतं आणि आठवड्याचे पुढे महिने झाले. नोकियाने पहिल्या फोननंतरच त्या भागांवर रोज नजर ठेवायला सुरुवात केली आणि लवकर पर्याय शोधले. एरिक्सनमध्ये "आठवडाभर" हा शब्द खालच्या पातळीवरच मुरला. पुढे तिची सुमारे ४० कोटी डॉलरची विक्री बुडाली. सगळे या गोष्टीतून ग्राहकाच्या चपळाईचा धडा काढतात. मला मात्र त्या "आठवडाभर"ची चूक जास्त दिसते. क्लीनरूममध्ये धूर किती पसरला हे मोजण्याआधीच तो आकडा दिला गेला होता.

आता हे आपल्या शेडमध्ये आणून बघू. समजा चाकण परिसरात एक पुरवठादार आहे. पत्र्याचे ब्रॅकेट दाबतो, त्यांना जस्ताचं प्लेटिंग करतो आणि एका गाडी कंपनीला रोज २,००० नग देतो. आग लागली आहे प्लेटिंगच्या लाइनला. लहान युनिटमध्ये हे अगदी नेहमीचं आहे. टाक्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच. रात्री टाकीतलं द्रावण उडून पातळी खाली गेली आणि हीटर उघडा पडला, तर तो टाकीच पेटवतो. मशीन नाकाच्या तुलनेत अगदी साधी, पण टाकीचा स्वभाव तोच.

सकाळी मार्केटिंगवाल्याने करायचं पहिलं काम म्हणजे हातात वही घेऊन शेडमध्ये फिरणं आणि प्रत्येक लॉट कोणत्या टप्प्यावर आहे ते लिहिणं. आपल्या उदाहरणात त्याला हे सापडतं: डिस्पॅचमध्ये पॅक केलेले १२,००० नग, प्लेटिंग होऊन तपासणीच्या टेबलाशी टांगलेले ८,००० नग, आणि दाबून झालेले पण प्लेटिंग न झालेले २०,००० नग. प्रेस शॉप शाबूत आहे, फक्त वीज बंद आहे.

पॅक केलेले १२,००० म्हणजे सहा दिवसांचा माल. दोन-तीन खोके उघडून धूर आत शिरला नाही ना ते पाहिलं की हा माल निर्धास्त सोडता येतो.

खरी गोम त्या ८,००० नगांत आहे. ते दिसायला चकचकीत असतात. जळालं दुसऱ्या टोकाला, यांना काही झालेलं नाही, गाडी भरा, असा मोह इथेच होतो. पण शेडमध्ये वायरींचं पीव्हीसी जळालेलं असतं आणि पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतं. दमट हवेत त्याचं आम्ल होऊन जस्तावर बसतं. आज चकचकीत असलेला नग तीन आठवड्यांनी ग्राहकाच्या गोदामात पांढऱ्या गंजाने भरतो, आणि तेव्हा आग कुणाच्या लक्षातही नसते. हे नग लाल टॅग लावून वेगळे ठेवायचे, त्यातले नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीला पाठवायचे. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर ९६ तास गंज न येण्याची अट असेल तर निकाल पाचव्या दिवशी येणार. ही चाचणी कुणाच्या ओळखीने लवकर होत नाही.

उरलेले २०,००० नग बाहेरच्या प्लेटरकडे जॉबवर्कला देता येतील. इथे ग्राहकाची परवानगी लागते, कारण प्रक्रियेची जागा बदलते आहे. न विचारता दिलं आणि नंतर कळलं, तर ते प्रकरण आगीपेक्षा मोठं होतं. नमुने प्लेट करून घ्यायला दोन दिवस, पुन्हा तीच ९६ तासांची चाचणी, मग मंजुरी, मग प्लेटिंग आणि वाहतूक. माल ग्राहकाच्या हाती नवव्या दिवशी.

आता खाडा दिसू लागतो. पहिले सहा दिवस पॅक केलेल्या मालावर निभतात. ते ८,००० नग चाचणीत पास झाले तर पुढचे चार दिवस, म्हणजे दहाव्या दिवसापर्यंत, काळजी नाही, आणि बाहेरचा माल नवव्या दिवशी आलेला असेल. नापास झाले तर सातवा आणि आठवा दिवस कोरडा जातो, ४,००० नगांचा. ही आहे सांगण्यासारखी गोष्ट. हा खाडा बुजवायचा एक रस्ताही आहे: चाचणीचा निकाल यायच्या आत, आपल्याच जोखमीवर, बाहेरच्या प्लेटरकडे ४,००० नग प्लेट करून ठेवायचे आणि मंजुरी येताच सोडायचे. नमुने नापास झाले तर तो खर्च आपला. लाइन थांबली म्हणून ग्राहक आपल्या बिलातून जी रक्कम कापतो तो डेबिट पाहिला असेल, तर हा खर्च क्षुल्लक वाटतो.

या फेरफटक्यानंतर ग्राहकाला जाणारं पत्र असं काहीसं होईल:

"विषय: प्लेटिंग विभागातील आग, आपल्या चालू ऑर्डरींची स्थिती.

आमच्या प्लेटिंग विभागात काल रात्री आग लागली. कुणालाही इजा नाही. प्लेटिंग लाइन बंद आहे. प्रेस शॉपचं नुकसान नाही, वीजतपासणीनंतर परवा ते सुरू होईल असा अंदाज आहे.

आपल्या ब्रॅकेटचे १२,००० नग तयार आहेत आणि रोजच्या शेड्यूलप्रमाणे पुढचे सहा दिवस मिळतील. आणखी ८,००० नग तयार आहेत, पण धुराच्या संपर्कात आल्याने आम्ही ते रोखून ठेवले आहेत. चाचणीचा निकाल पाचव्या दिवशी संध्याकाळी कळवू. ते नापास झाले तर सातव्या आणि आठव्या दिवशी मिळून ४,००० नग कमी पडतील. हे टाळण्यासाठी बाहेरच्या प्लेटरकडे काम देण्याची आपली परवानगी आजच हवी आहे. प्लेटरचं नाव आणि प्रक्रियेचे कागद सोबत जोडले आहेत.

आपल्या मालकीच्या दोन्ही डाय सुरक्षित आहेत, फोटो सोबत. आमची लाइन पूर्ववत होण्याची तारीख आज सांगता येत नाही. टाक्या आणि रेक्टिफायर यांची तपासणी झाल्यावर शुक्रवारी कळवू. तोपर्यंत रोज दुपारी चारला स्थिती कळवत राहू."

डायचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. पुरवठादाराकडे असलेली डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, बहुतेक वेळा ग्राहकाच्या मालकीची असते आणि त्याच्या मनात तो प्रश्न फोन उचलण्याआधीच असतो. जॉबवर्कसाठी ग्राहकाने स्वतःचा पत्रा दिला असेल तर त्याचाही हिशेब इथेच द्यावा.

पत्रात आगीचं कारण नाही, हे लक्षात आलं असेल. आपल्याकडे "शॉर्ट सर्किट" हा शब्द जिभेवर तयारच असतो. विम्याचा सर्व्हेअर यायचा असतो, अग्निशमन दलाचा अहवाल यायचा असतो, आणि मार्केटिंगचा मुलगा चार ग्राहकांना चार कारणं लिहून मोकळा होतो. पुढे दाव्याच्या वेळी ते ईमेल समोर येतात. नाकामध्येही लगेच सांगितलं गेलं ते एवढंच, की जास्त प्रवाहामुळे मशीन पेटली. तो का आला, हे तपासात आहे. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत जळालेला माल हलवायचा नाही, ही अडचणही ग्राहकाला सांगायला हरकत नाही, कारण साफसफाईला उशीर का होतो ते त्याला त्यावरून कळतं.

दुसरी गोष्ट करारातल्या दैवी आपत्तीच्या कलमाची. मालकांना वाटतं की आग म्हणजे आपोआप सुटका. भारतात असं संरक्षण मुख्यतः करारात काय लिहिलं आहे त्यावर ठरतं, आणि बऱ्याच करारांत ठराविक दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस वेगळी, वकिलाला दाखवून, कराराचा क्रमांक टाकून पाठवावी. वरच्या पत्रात ते कलम घुसडलं, तर ग्राहक मदतीऐवजी आपल्या वकिलाला फोन करतो.

"लाइन कधी सुरू होईल?" या प्रश्नाला शुक्रवारचा वायदा का केला, हेही सांगतो. पॉलिप्रॉपिलीनच्या नव्या टाक्या स्थानिक फॅब्रिकेटर वेल्ड करून देतो, त्याचा अंदाज एका दिवसात मिळतो. प्लेटिंगला डीसी वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायरची गोष्ट निराळी. तो वरून ठीक दिसतो आणि आत काजळीने खराब झालेला असतो. नाकाच्या ११ मशीन २३ झाल्या त्या याच वाटेने. उघडून पाहिल्याशिवाय दिलेली तारीख म्हणजे अल्बुकर्कचं "आठवडाभर".

आणि लाइन उभी राहिली म्हणजे संपलं असंही नाही. नव्या टाक्या, नवं द्रावण, म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने नवीच प्रक्रिया. पहिल्या लॉटचे नमुने, जाडीचे आकडे, पुन्हा ९६ तास. तोवर बाहेरच्या प्लेटरकडचं काम बंद करायचं नाही. दोन्हीकडचा माल काही दिवस समांतर येईल, तो वेगवेगळ्या रंगाच्या लेबलने पाठवायचा, म्हणजे पुढे तक्रार आलीच तर कुठला लॉट कुठून आला ते सापडतं. शेवटचं पत्र त्यानंतर जातं: आमची लाइन मंजूर झाली, बाहेरचं काम अमुक लॉटपासून बंद, आपला आठवड्याचा राखीव साठा पुन्हा भरला. हे पत्र मी फार कमी पुरवठादारांकडून गेलेलं पाहिलंय. ग्राहकाच्या खरेदी विभागात मात्र ते येईपर्यंत आपलं नाव लाल यादीत राहतं.